दर वाढवताना गिऱ्हाईकाला काय सांगावं?
पंचेचाळीस सेकंदांच्या व्हिडिओची गोष्ट

आज आपण एका अवघड बोलण्याबद्दल बोलणार आहोत. माल चांगला करणं आपल्याला जमतं, उधारी मागणंही हळूहळू जमायला लागतं. पण ज्या वहिनी तीन वर्षांपासून आपल्याकडून चकली घेतात, त्यांना "आता दर वाढला" हे सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. आम्ही चिखली तालुक्यातल्या एका गावच्या बाया. आमचा गट चकली, शेव, चिवडा करतो. या बोलण्यात आम्ही एकदा चांगल्याच फसलो आणि दुसऱ्यांदा सावरलो. ते दोन्ही तुम्हाला सांगतो.

आधी फसलो ते. 2022 च्या उन्हाळ्यात खाण्याचं तेल फार महागलं होतं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यामुळे तिकडून येणारं सूर्यफुलाचं तेल अडकलं, आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणं काही आठवडे बंद केलं. आमच्या चकलीचा दर तेव्हा किलोला 200 रुपये होता. आम्ही तो 240 केला आणि व्हॉट्सॲपच्या गटावर एक ओळ टाकली, "तेल महागल्यामुळे नाइलाजाने दर वाढवत आहोत, क्षमस्व." लोकांनी कुरकुर केली, पण घेतलं.

पुढच्या वर्षी तेल उतरलं. दिवाळीच्या आधी चिखलीच्या एका काकूंचा फोन आला, "तेल उतरलं ना वं ताई, मंग चकली कामून नाही उतरली?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. खरं कारण असं होतं, की 2022 च्या वाढीत तेलाचा वाटा थोडाच होता. डाळ, गॅस आणि आमची मजुरी मिळून बाकीची वाढ होती. पण आम्ही सगळं तेलाच्या डोक्यावर ठेवलं होतं, कारण तेल महागल्याची बातमी सगळ्यांना माहीत होती आणि मजुरीचं नाव घ्यायची आम्हाला लाज वाटत होती. काकूंना आम्ही किलोमागे 20 रुपये कमी केले. त्या शेजारणीला बोलल्या. शेजारीण 240 देऊन मोकळी झाली होती. तिने नंतर आमच्याकडून काही घेतलं नाही.

मग आली 2024 ची दिवाळी. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्य होतं, ते 20 टक्के झालं. रिफाइंड तेलावर साडेबारा टक्के होतं, ते साडेबत्तीस झालं. आपल्या सोयाबीनला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू. म्हणजे आमच्या घरच्या शेतीला जे बरं, तेच कढईला जड. तेलाचा डबा काही दिवसांतच चढला, आणि दिवाळी दीड महिन्यावर होती. दर वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण या वेळी आम्ही तोंड उघडायच्या आधी वही उघडली.

आधी वही, मग व्हिडिओ

एक किलो चकलीला काय लागतं ते आम्ही 2023 च्या दिवाळीच्या आणि या वेळच्या भावाने शेजारी शेजारी लिहिलं. भाजणीचं पीठ 56 रुपयांचं लागत होतं, ते 66 वर गेलं, कारण हरभऱ्याची डाळ वाढली होती. मोहन आणि तळण मिळून किलोला साधारण 300 ग्रॅम तेल जातं. 15 किलोचा डबा 1,740 वरून 2,130 वर गेला होता, तरी एका किलो चकलीमागे ते 35 चे 43 रुपये झाले. म्हणजे फक्त 8 रुपये वाढले. जळण 20 चं 22, तीळ-तिखट-मसाला 15 चा 18, पिशवी-लेबल-खोका 14 चा 16. सगळा माल मिळून 140 रुपये होते, ते 165 झाले. वाढ 25 रुपये.

हे पाहून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं. तेलाची एवढी बोंब, आणि त्याचे 25 पैकी फक्त 8 रुपये! पुन्हा तेलाचंच नाव पुढे केलं असतं तर पुन्हा काकूंचाच फोन आला असता. आणि पुढे झालंही तसंच. 30 मे 2025 ला सरकारने कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं. जे कारण उद्या उलटं फिरू शकतं, त्या एकट्यावर दर टांगू नये. तेल उतरलं की गिऱ्हाईक दर उतरवायला सांगेल, आणि त्याचं चुकणार नाही.

आता मजुरी. आमच्यात एक बाई तासाला साधारण एक किलो चकली करते, म्हणजे मळणं, पाडणं, तळणं, भरणं सगळं धरून. तिला किलोमागे 60 रुपये मिळत. 240 मधून 140 चा माल आणि 60 ची मजुरी गेली की 40 रुपये गटाला उरत. त्यातून सोऱ्या-झारे, येण्याजाण्याचा खर्च, तुटफूट आणि कर्जाचा हप्ता निघे. मालाचा खर्च 165 झाल्यावर त्याच दराने गटाला 15 रुपयेच उरणार होते. हप्ता गेला नसता तर शेवटी मजुरीच कापावी लागली असती. दर वाढवायला आपण घाबरतो तेव्हा वाढलेला खर्च कुठे जात नाही, तो आपल्याच हातांच्या मजुरीतून जातो.

आम्ही दर 280 ठरवला. वाढीचे 40 रुपये. त्यातले 25 मालाला, 10 मजुरीला आणि 5 गटाला. आम्ही अर्ध्या किलोचं पाकीट विकतो, ते 120 वरून 140 झालं. वाढलेल्या 20 रुपयांपैकी साडेबारा मालाचे, पाच हातांचे, अडीच गटाचे. हा हिशेब एका दमात सांगता येतो, आणि कुणीही विचारलं तर वही दाखवता येते.

एका ताईने विचारलं, "अन् लोक तुटले तर?" तेही मांडून पाहिलं. जुन्या दराने 200 किलो विकली असती तर मजुरीचे 12,000 आणि गटाला 3,000. नव्या दराने समजा 30 किलोची मागणी तुटली आणि 170 किलोच गेली, तर मजुरीचे 11,900 आणि गटाला 7,650. म्हणजे सातातलं एक गिऱ्हाईक गेलं तरी हातात मजुरी जवळपास तेवढीच येते, तीस तास कमी उभं राहून. भीती गेली ती या आकड्याने. तुमचा आकडा वेगळा निघेल, पण तो काढल्याशिवाय दर जाहीर करू नका.

चिठ्ठी सोडून व्हिडिओ का

2022 ची आमची ओळ लोकांना कोरडी वाटली होती. लिहिलेल्या ओळीत तोंड दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. रोजच्या गिऱ्हाइकाने आपल्याला पाहिलेलं असतं, त्यामुळे तीच बाई समोर येऊन बोलली की राग निम्मा होतो. दुसरं म्हणजे व्हिडिओत दाखवता येतं. "आमचा माल शुद्ध" हे कुणीही लिहितं. काट्यावर पाकीट ठेवून 500 चा आकडा दाखवला तर ते लिहावं लागत नाही.

पण व्हिडिओ लहान हवा. पंचेचाळीस सेकंद पुष्कळ झाले. तेवढ्यात साधारण 80 ते 90 शब्द बसतात. त्यापेक्षा लांबला की बोलणारी बाई कारणं देत सुटते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी लपवतेय.

बोलण्याचा क्रम आम्ही असा ठेवला. आधी आपण कोण. लगेच नवा दर आणि तारीख. मग खरं कारण. मग काय बदललं नाही. शेवटी जुन्या मागणीचं काय. दर आधी सांगावा, कारण आधी कौतुक करत बसलो तर ऐकणाऱ्याला वाईट बातमीची चाहूल लागते आणि ती पुढचं काही ऐकत नाही. आमच्या अध्यक्ष ताईंनी जे बोललं ते असं:

"नमस्कार, चकलीवाल्या ताई बोलतेय. दसऱ्यापासून, म्हणजे 12 ऑक्टोबर 2024 पासून, आपल्या चकलीचं अर्ध्या किलोचं पाकीट 120 ऐवजी 140 रुपयांना मिळेल. वाढलेल्या 20 रुपयांतले साडेबारा डाळ, तेल आणि बाकी मालाचे आहेत. पाच रुपये चकली करणाऱ्या आमच्या बायांच्या मजुरीचे आणि अडीच गटाचे. पाकीट पूर्ण 500 ग्रॅमचंच आहे, हे पाहा. भाजणी तीच, आणि तळल्याची तारीख प्रत्येक पाकिटावर आहे. 11 तारखेपर्यंत सांगितलेली मागणी जुन्याच दराने देऊ. काही विचारायचं असेल तर मला फोन करा."

यात "क्षमस्व" नाही आणि "नाइलाजाने" नाही. मजुरी मागणं हा गुन्हा नाही, मग माफी कशाची? हात जोडून माफी मागितली की गिऱ्हाइकालाही वाटतं, यांनी काही चुकीचं केलं.

मोठ्या संस्थाही असंच करतात. गुजरातच्या दूध उत्पादकांच्या अमूलने 1 मे 2025 पासून दूध लिटरमागे 2 रुपयांनी वाढवलं. तेव्हा त्यांनी वाढ किती, तारीख कोणती हे सांगितलं, आणि ही वाढ छापील किमतीच्या 3 ते 4 टक्केच आहे असंही सांगितलं. शिवाय गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातले जवळपास 80 पैसे दूध घालणाऱ्याला जातात, हे ते दर वेळी बोलून दाखवतात. पैसा कुणाच्या हातात जातो हे सांगणं म्हणजेच मालाची किंमत पटवणं.

काय दाखवावं, काय बोलू नये

मालाचं मोल आठवण करून द्यायचं म्हणजे आपली स्तुती करायची नाही. "घरगुती चव", "उत्तम दर्जा" हे शब्द प्रत्येक पाकिटावर असतात, त्यांनी कुणाला काही आठवत नाही. गिऱ्हाईक घरी बसून तपासू शकेल अशाच दोन गोष्टी निवडा. आम्ही वजन आणि तारीख निवडली. काट्यावरचा आकडा नीट दिसेल असा जवळून घेतला, तो पाच सेकंद दाखवला, आणि पाकिटावरची तारीख बोटाने दाखवली.

आमच्यातली एक जण म्हणाली, "आपण एकदा वापरलेलं तेल पुन्हा वापरत नाही, हेही सांगू." आम्ही थांबलो. दिवाळीच्या गर्दीत दुसऱ्या घाण्याला तेच तेल चालवलं होतं, त्यात ताजं घालून. तेल काळपट झालं, दाट झालं, फेस बसेना किंवा लवकर धूर यायला लागला की ते बदलायचं, हा आमचा नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. पण "एकदाच वापरतो" हे खरं नव्हतं. म्हणून ते वाक्य काढलं. व्हिडिओ लोकांच्या मोबाईलमध्ये राहतो. त्यात बोललेलं खोटं पुढच्या वर्षीही ऐकू येतं.

दुकानातल्या मालाशी तुलनाही आम्ही केली नाही. आपल्या पाकिटाला नावं ठेवलेली दुकानदाराला आवडत नाहीत, आणि आमची दहा-पंधरा पाकिटं त्याच्याच दुकानातून जातात.

दर तोच ठेवून पाकिटातून थोडी चकली कमी करावी, असाही विचार निघाला होता. पाच रुपयांचे बिस्किटपुडे असेच हलके होत गेले. वजन खरं छापलं तर त्यात बेकायदा काही नाही. पण आमचं गिऱ्हाईक चकल्या मोजतं. चार पाहुण्यांना पुरणारं पाकीट तिघांनाच पुरलं, तर ती आम्हाला फोन करणार नाही, नुसती दुसरीकडे जाईल.

छापील किमतीचं भान

इथे एक कायद्याची गोष्ट आहे, आणि ती बऱ्याच गटांना माहीत नसते. पाकिटावर छापलेली किंमत सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत असते. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे तिच्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. छापलेला आकडा खोडून किंवा वर चिकटपट्टी लावून दर वाढवणंही चालत नाही. कमी दराची चिकटपट्टी लावता येते, तीही जुना आकडा झाकू न देता.

आमच्याकडे 120 छापलेली साठेक पाकिटं भरलेली होती. ती आम्ही 120 लाच विकली. 140 छापलेली लेबलं फक्त नव्या घाण्याच्या पाकिटांना लावली. त्यामुळे "11 तारखेपर्यंत जुना दर" हे वचन देणंही सोपं झालं. लेबलं एकदम हजारभर छापून ठेवू नका. दर बदलला की ती वाया जातात, आणि तो खर्चही चकलीवरच पडतो.

चित्रण आणि पाठवणं

मोबाईल उभा धरला, कारण लोक उभ्याच मोबाईलवर पाहतात. ताईंचं तोंड दाराकडे केलं, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडला. पंखा आणि गिरणी बंद केली. मोबाईल हातभर अंतरावर ठेवला, दूर ठेवला की आवाज विरतो. पाठीमागे पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, "12 ऑक्टोबर 2024 पासून अर्धा किलो 140 रुपये." पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यांना पाटी वाचता येते. आणि तारखेत वर्ष लिहिलं, कारण असे व्हिडिओ पुढे सरकत राहतात. वर्ष नसलं की पुढच्या दसऱ्याला कुणी तोच पाठवून पुन्हा दर वाढला असं समजेल.

पाठवायची तारीख ठरली 25 सप्टेंबर, नव्या दराच्या सतरा दिवस आधी. एक आजी म्हणाल्या, "पितरपाटात नवं काही नको." आम्ही म्हटलं, "आजी, हे नवं नाही, देणं-घेणं आहे." त्या हसल्या. दिवाळीच्या तोंडावर सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, गरज पाहून अडवलं. सतरा दिवसांत विचार करायला आणि जुन्या दराने घ्यायला वेळ मिळाला.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी चिखलीच्या दोन दुकानदारांना आणि दरवर्षी पाच किलो घेणाऱ्या तीन घरांना फोन केला. मोठ्या गिऱ्हाइकाने ही बातमी दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहू नये. ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे त्यांनाही फोनच केला.

बाकीच्यांना व्हिडिओ गटावर टाकला नाही. गटावर एकीने "फार महाग" लिहिलं की दहा जणी तेच लिहितात. ब्रॉडकास्ट यादी केली की प्रत्येकीला तो एकटीला आल्यासारखा जातो आणि उत्तरही आपल्यालाच येतं. फक्त एक अडचण लक्षात ठेवा. ज्यांनी आपला नंबर आपल्या मोबाईलमध्ये साठवलेला नाही, त्यांना यादीवरून पाठवलेलं पोचत नाही. संदेश दाबून धरून "माहिती" पाहिली की कुणाला पोचला ते दिसतं. आमच्या 130 नावांपैकी 19 जणींना पोचला नव्हता. त्यांना एकेकीला वेगळा पाठवला. नाहीतर त्या दिवाळीला 120 रुपये हातात घेऊनच आल्या असत्या.

उत्तरं आली. बहुतेकींनी नुसता अंगठा दाखवला. काहींनी 11 तारखेच्या आत मागणी दिली. आणि त्या काकूंचा फोन आला, "पाच रुपये मजुरीचे म्हणता, मागच्या येळी हे कामून नाही सांगितलं?" अध्यक्ष ताई म्हणाल्या, "काकू, तेव्हा लाज वाटली." काकूंनी दोन किलो सांगितली. त्यांना एक रुपया कमी केला नाही, आणि कुणालाच केला नाही. व्हिडिओ सगळ्यांना एक, तर दरही सगळ्यांना एक.

त्या दिवाळीला 188 किलो चकली गेली. बारा किलोची मागणी तुटली. जुन्या दराची पाकिटं सोडून हिशेब नव्या दराने जवळपास बसला, आणि चकली करणाऱ्या बायांना तासाला 60 च्या ठिकाणी 70 रुपये मिळाले. व्हिडिओ किती जणींनी पाहिला हे आम्ही मोजलं नाही. मागच्या वर्षीचं कोणतं घर या वर्षी परत आलं, एवढंच वहीत टिपलं. ज्या सहा घरांनी घेतलं नाही, त्यांना दिवाळीनंतर फोन केला. दोघींना दर परवडला नव्हता. त्यांच्यासाठी आता पाव किलोचं पाकीट करतो.